चार भावांची कंपनी, प्रत्येक धंद्याची वेगळी किंमत आणि वरून ३० टक्के कपात : ही कपात कशाची?

सरकी

नमस्कार. वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमच्या घरची कंपनी आहे. आजोबांनी जिनिंग सुरू केलं, पुढे चार भावांनी मिळून बाकीचे धंदे उभे केले. चौघांकडे २५-२५ टक्के शेअर्स आहेत. माझे बाबा धाकटे. तब्येतीमुळे त्यांना आता बाहेर पडायचं आहे आणि मोठ्या बाबांनाही ते मान्य आहे. भांडण नाही, पण आकड्यावर गाडी अडली आहे.

दोन्ही बाजूंनी मिळून एक व्हॅल्युअर नेमला. त्याने 'सम ऑफ द पार्ट्स' पद्धतीने प्रत्येक धंद्याची किंमत वेगळी काढून दिली:

जिनिंग-प्रेसिंग ८.८ कोटी. जिनाच्या आवाराला लागून असलेली चार एकर मोकळी एनए जमीन ४ कोटी. गोदामाची कंपनी (पूर्ण आमची) ४ कोटी. ट्रॅक्टरच्या एजन्सीत ६० टक्के वाटा, त्याचे २.४ कोटी. एका सॉल्व्हंट प्लांटमध्ये १८ टक्के वाटा, त्याचे २.७ कोटी. बेरीज २१.९ कोटी.

इथपर्यंत सगळ्यांना मान्य. मोठ्या बाबांच्या मुनीमजींनी पुढे हिशेब असा केला: ३१ मार्चच्या ताळेबंदातलं बँकेचं कर्ज १०.५ कोटी वजा, घरच्यांची कंपनीतली ठेव १ कोटी वजा, राहिले १०.४. त्यातून होल्डिंग डिस्काउंट म्हणून ३० टक्के कापले, राहिले ७.२८. त्याचा चौथा हिस्सा १ कोटी ८२ लाख.

माझ्या भावाचा हिशेब वेगळा. तो म्हणतो जिनाखालची पाच एकर जमीन पण हायवेवर आहे, तिचे ५ कोटी धरा. पेट्रोल पंपाचे १.२ कोटी धरा. कर्ज धंद्याचं आहे, धंदा फेडतो. म्हणजे २८.१ कोटी, चौथा हिस्सा ७ कोटी.

पावणेदोन आणि सात. दोन्ही प्रामाणिक माणसं आहेत. खरा आकडा कुठे असावा आणि ते ३० टक्के नेमके कशाचे, हे जाणकारांनी सांगावं.

अकोलेकर

ताई, बाबांना २५ टक्के म्हणता, पण आत्या आहेत का? असतील तर त्यांचाही हिस्सा लागतो. २००५ ची दुरुस्ती आणि २०२० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल बघा, मुलींना जन्मापासून हक्क आहे. आमच्याकडे याच कारणाने सातबारा अजून अडकून आहे. आधी वाटणीपत्र करा, मग किमतीचं बघा.

सरकी

@अकोलेकर, दोन आत्या आहेत. शेताची वाटणी रीतसर झाली, त्यांचा हिस्सा त्यांच्या नावावर चढला आहे. हा प्रश्न कंपनीच्या शेअर्सचा आहे. ते चार भावांनी आपापल्या नावाने घेतलेले आहेत.

पुण्याचा_वऱ्हाडी

३० टक्के तर कमीच आहेत. शेअर बाजारात होल्डिंग कंपन्या ५०-६० टक्के डिस्काउंटवर सहज मिळतात. बजाज होल्डिंगच घ्या, तुमच्याच वर्ध्याच्या घराण्याची. २००७-०८ मध्ये जुन्या बजाज ऑटोचं विभाजन झालं आणि होल्डिंग कंपनी वेगळी राहिली. तिच्याकडे बजाज ऑटो आणि बजाज फिनसर्वचे जेवढे शेअर्स आहेत त्यांची बाजारभावाने बेरीज करा आणि तिचा स्वतःचा भाव बघा, मोठी तफावत दिसेल. एल्सिड तर त्याहून कमाल. एशियन पेंट्सचे शेअर्स बाळगणारी कंपनी आणि भाव ३ रुपये ५३ पैसे! २९ ऑक्टोबर २०२४ ला विशेष लिलाव झाला आणि भाव २,२५,००० रुपये निघाला. मुद्दा हा की बाजार होल्डिंग कंपनीला कापतोच. मोठ्या बाबांनी उलट दया दाखवली.

तुरीचं_वरण

३ रुपये ५३ पैशांवरून सव्वादोन लाख? का बाप्पा! आमच्या वेळी तुरीला असा लिलाव का नाही ठेवत कोणी?

वर्धाकाठ

मी बँकेत कर्जखात्यावर होतो, निवृत्तीनंतर असेच कौटुंबिक हिशेब बघतो. घाईत नाही लिहीत, तुकड्या-तुकड्याने सांगतो.

आधी पुण्याच्या भाऊंचा मुद्दा. बजाज होल्डिंगचं उदाहरण बरोबर आहे, पण त्यातून काढलेला अर्थ अर्धाच आहे. बाजारातला जो माणूस होल्डिंगचा शेअर घेतो, त्याला खालचे शेअर्स कधी विकले जातील, लाभांश किती वर येईल, यातलं काही ठरवता येत नाही. शिवाय त्याला बजाज ऑटो थेट विकत घेता येतो. मग तो वरच्या कंपनीला पूर्ण भाव कशाला देईल? एल्सिडमध्ये तर वर्षानुवर्षं कोणी शेअर विकायलाच येत नव्हतं, म्हणून तो ३.५३ चा भाव नुसता फळ्यावर लिहून राहिला होता. सेबीने जून २०२४ मध्ये अशा कंपन्यांसाठी वेगळ्या लिलावाची सोय केली ती त्यासाठीच. म्हणजे ते उदाहरण डिस्काउंटचं नाहीच, खरेदी-विक्री न होण्याचं आहे.

सरकीताईंच्या घरी खरेदी करणारा कोण? भाऊच. त्यांच्या हाती ताबा आहे, हे २५ टक्के घेतले की तो आणखी पक्का होतो. बाजारातल्या परक्या माणसाचा डिस्काउंट त्यांनी आपल्या भावाला लावायचा, याला मला तरी आधार दिसत नाही.

पण याचा अर्थ काहीच कापायचं नाही असाही नाही. वरच्या कंपनीमुळे खरोखर जे पैसे गळतात ते मोजायचे आणि रुपयांत कापायचे. टक्का शेवटी निघतो, सुरुवातीला धरायचा नसतो. त्याआधी बेरीज आणि कर्ज नीट करू. ताई, दोन गोष्टी सांगा. जिनिंगचे ८.८ कसे काढले? आणि ३१ मार्चला मालाचा साठा किती होता?

सरकी

व्हॅल्युअरने पाच हंगामांची सरासरी घेतली. व्याज, घसारा आणि कर धरण्याआधीचा नफा सरासरी २.२ कोटी, त्याची चारपट. एका हंगामात तो ४.१ कोटी होता, एका हंगामात जेमतेम ७० लाख. सुमारे १५ हजार गाठींचं काम होतं.

३१ मार्चला रुई, सरकी, येणी सगळं मिळून, देणी वजा जाता, १०.५ कोटी अडकलेले होते. बँकेच्या १०.५ मध्ये ९ कोटी सीसी, म्हणजे मालावरचं फिरतं कर्ज, आणि दीड कोटी मशिनरीचं मुदत कर्ज. आकडे सारखे दिसतात तो योगायोग आहे.

जिनवाले_काका

पोरी, ३१ मार्चला कोणत्याही जिनाचा ताळेबंद पाहशील तर छातीत धस्स होईल. दिवाळीनंतर कापूस यायला लागतो, जानेवारी-फेब्रुवारीत यार्ड भरून राहते, मार्चमध्ये गाठींचा ढीग आणि सीसी कळसाला. तोच ताळेबंद सप्टेंबरमध्ये पाह्य, सीसी जवळपास कोरी आणि गोदाम रिकामं. कर्ज वाढलं असं नाही, माल भरला. मुनीमजींनी कर्ज मार्चचं घेतलं अन् माल सोडून दिला. असं कसं चालेल?

वर्धाकाठ

काकांनी नेमकं बोट ठेवलं. पावणेदोन आणि सात यांच्यातला सगळ्यात मोठा फरक इथेच आहे.

नफ्याच्या चारपट किंमत काढली, तेव्हा त्या किमतीत वर्षभर धंदा चालवायला लागणारं सरासरी खेळतं भांडवल आलेलंच आहे. घेणाऱ्याला नुसत्या मशिनी मिळत नाहीत, चालता धंदा मिळतो. आता बाराही महिन्यांच्या अखेरचे आकडे काढा आणि सरासरी करा. समजा सरासरी ५ कोटी निघाली. ३१ मार्चला १०.५ अडकलेले होते, म्हणजे ५.५ कोटी जास्तीचे. हा माल पुढच्या काही महिन्यांत विकून पैसा होणार आणि सीसीत भरला जाणार. म्हणून कर्ज १०.५ उणे ५.५, म्हणजे ५ कोटी.

उलट बाजूने ताळा करा. बारा महिन्यांची सरासरी सीसी काढली तर ती साडेतीनच्या आसपास यायला हवी. त्यात दीड कोटीचं मुदत कर्ज मिळवलं की तेच ५. दोन्ही वाटांनी एकच आकडा आला तर हिशेब बरोबर. नाही आला तर कुठेतरी जुनी, न वसूल होणारी येणी 'साठा' म्हणून बसलेली असतात, ती शोधा.

ही चूक दुसऱ्या दिशेनेही होते. व्हॅल्युएशनची तारीख ३० सप्टेंबर धरली की कर्ज दिसतच नाही आणि बाहेर पडणाऱ्याला फुकटचे जास्त मिळतात. म्हणून तारखेवर भांडण्यापेक्षा सरासरीवर या.

सरकी

बारा महिन्यांची बँक स्टेटमेंट आणि स्टॉक स्टेटमेंट बाबांच्या मेलवर येतात, ते संचालक आहेत. दादाला बसवते.

(दोन दिवसांनी) सरासरी सीसी ३ कोटी ५२ लाख निघाली. सरासरी खेळतं भांडवल ५ कोटीला थोडं कमी. म्हणजे कर्ज ५ कोटी धरता येईल.

पुण्याचा_वऱ्हाडी

हा मुद्दा मान्य, मोसमी धंद्याचं लक्षात नव्हतं आलं. पण तुमच्या भावाचं काय? जिनाखालची जमीन बाजारभावाने का धरू नये? हायवेवरचे पाच एकर म्हणजे उद्या प्लॉट पाडले तर सोनं आहे.

जिनवाले_काका

प्लॉट पाडले तर जिन कुठे ठेवाल, डोक्यावर?

वर्धाकाठ

काकांचं उत्तर एका ओळीत झालं, थोडं पसरून सांगतो, कारण विदर्भातल्या कौटुंबिक हिशेबात मी हीच गोष्ट सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे.

जिनिंगचा २.२ कोटी नफा त्या पाच एकरांवरच होतो. यार्ड, डबल रोलरचे शेड, प्रेस, आगीसाठी सोडलेली मोकळी जागा, सगळं त्यात. जमीन भाड्याने घेतली असती तर भाडं गेलं असतं आणि नफा कमी दिसला असता. आज भाडं नाही, म्हणून नफा मोठा दिसतो आणि चारपट केल्यावर जमिनीची किंमत त्या ८.८ मध्ये आलेली असते. पुन्हा ५ कोटी मिळवले तर एकच जमीन दोनदा विकल्यासारखं होतं.

मात्र एक तपासणी जरूर करायची. धंदा बंद करून सगळं मोडलं तर किती येतील? जमीन ५ कोटी, मशिनरी मोडीत दीड कोटी धरू. साडेसहा. चालत्या धंद्याचे ८.८ त्याहून जास्त आहेत, म्हणून ८.८ घ्यायचे. उद्या गाव वाढून एकराचा भाव दोन कोटी झाला तर मोडीची किंमत साडेअकरा होईल, मग ती घ्यायची आणि जिन हलवायचा खर्च, कामगारांची देणी, कर वजा करायचा. दोन्हीतली मोठी किंमत एकच, दोघांची बेरीज कधीच नाही.

शेजारचे चार एकर वेगळे. ते विकले तरी जिनाची एक गाठ कमी होत नाही. ते वेगळे धरणं बरोबर.

तूरडाळ_मिल

त्या चार एकरांची एनए ऑर्डर आणि भोगवटा वर्ग बघितला का? आमच्याकडे वर्ग २ ची जमीन वर्ग १ समजून भावात धरली होती. विकायला काढली तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा भरायची वेळ आली, भाव तिथेच खाली आला.

सरकी

@तूरडाळ_मिल, बघितलं, वर्ग १ आहे आणि एनए कंपनीच्याच नावाने आहे. बाकी ३५ एकर शेती भावांच्या वैयक्तिक नावांवर, ती या हिशेबात नाहीच.

वर्धाकाठ

बरोबर. विदर्भाच्या कुळकायद्याने शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायला बंधन आहे, त्यामुळे घरची शेती बहुधा माणसांच्याच नावे असते आणि कंपनीच्या बेरजेत ओढायची नसते. हाच न्याय पंपाला लावा. डीलरशिप कोणाच्या नावाने आहे?

सरकी

मोठ्या बाबांच्या, वैयक्तिक. कंपनीची त्यात जमीनही नाही, भांडवलही नाही.

वर्धाकाठ

मग तो १.२ कोटींचा आकडा भावाने काढून टाकावा. कंपनीच्या मालकीचं नाही ते कंपनीच्या शेअरमध्ये येत नाही. शिवाय डीलरशिप तेल कंपनीच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नावे होत नाही, त्यामुळे नफ्याची पट लावून तिची किंमत काढणं तसंही धाडसाचं. पंप उभा करताना भावांनी घरातून पैसे घातले असतील तर तो नैतिक हक्काचा विषय आहे. तो बैठकीत मोकळेपणाने मांडा, पण या कागदात मिसळू नका.

हळदीकुंकू

सगळं वाचलं. मला एक समजलं नाही. सॉल्व्हंट प्लांटचे २.७ कोटी कसे? १८ टक्के वाटा म्हणजे पूर्ण प्लांट १५ कोटींचा?

सरकी

नाही, पूर्ण प्लांटचं भागभांडवल व्हॅल्युअरने २० कोटींचं धरलं. १८ टक्क्यांचे ३.६. आपला तिथे संचालक नाही, लाभांश आजवर मिळाला नाही, शेअर विकायला इतर भागीदारांची संमती लागते. म्हणून त्याने २५ टक्के कापून २.७ धरले.

हळदीकुंकू

मग मुनीमजींनी एकूण बेरजेवर पुन्हा ३० टक्के कापले तेव्हा याच २.७ मधूनही परत कापले ना?

वर्धाकाठ

अगदी. ३.६ चे २.७ आणि २.७ चे १.८९. एकाच दोषासाठी दोन शिक्षा. ताब्याचा अभाव आणि विकायची अडचण जिथे खरी आहे, तिथे व्हॅल्युअरने ती भागाच्या पातळीवर मोजली आहे. ट्रॅक्टर एजन्सीतही त्याने एजन्सीचं कर्ज आधी वजा करून मग ६० टक्के घेतले असतील.

सरकी

हो. पूर्ण एजन्सी ६ कोटी, तिचं कर्ज २ कोटी, राहिले ४, त्याचे ६० टक्के २.४.

वर्धाकाठ

छान. म्हणजे आता वरच्या पातळीवर काय उरलं तेवढंच बघायचं. २१.९ उणे कर्ज ५, उणे घरच्यांची ठेव १. राहिले १५.९. (ठेवीत बाबांचे पैसे असतील तर ते त्यांना शेअरच्या किमतीव्यतिरिक्त परत मिळायला हवेत, हे विसरू नका.)

आता कपात. पहिली गोष्ट वरच्या कार्यालयाचा खर्च. मुनीमजी, ऑडिट, कार्यालय, गाड्या यांचा जो खर्च कोणत्याही एका धंद्याच्या नफ्यातून वजा झालेला नाही, तो दरवर्षी होणार. किती आहे?

सरकी

साधारण ३० लाख. व्हॅल्युअरने जिनिंगच्या नफ्यात तो धरला नव्हता, मी विचारून घेतलं.

वर्धाकाठ

मग तोही चारपटीने घ्या, १.२ कोटी. ज्या मापाने नफा मोजला त्याच मापाने खर्च.

दुसरी गोष्ट दडलेला कर. चार एकर आजोबांच्या काळची, कराच्या हिशेबात धरायची तिची १ एप्रिल २००१ ची किंमत समजा दहा लाखांच्या आसपास असेल. कंपनीने ४ कोटींना विकली तर ३.९ कोटी नफा. जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के, इंडेक्सेशन नाही, म्हणजे महागाईप्रमाणे जुनी किंमत वाढवून मिळत नाही. जुन्या जमिनीसाठी इंडेक्सेशनसह २० टक्क्यांचा पर्याय व्यक्तीला आणि एचयूएफला ठेवला आहे, कंपनीला नाही. अधिभार आणि उपकर धरून १४.३ टक्के म्हटलं तर सुमारे ५५ लाख. कंपनी कोणत्या करपर्यायात आहे त्यावर अधिभार थोडा बदलेल, सीएंना विचारा.

१५.९ मधून हे दोन्ही गेले की १४.१५ राहतात. चौथा हिस्सा ३ कोटी ५४ लाख. आता टक्का काढा. १.७५ भागिले १५.९, म्हणजे ११ टक्के. मुनीमजींचे ३० आणि हे ११ यातला फरक कशाचा, हे त्यांना रुपयांत सांगता यायला हवं.

पुण्याचा_वऱ्हाडी

कराचा मुद्दा एकतर्फी वाटतो. जमीन विकायचा बेत नसेल तर कर कुठून आला? आणि बेत असेल तर लाभांश वर येताना आणखी कर लागेल, तो का नाही धरला?

वर्धाकाठ

चांगला प्रश्न. खालच्या कंपनीकडून वर आलेला लाभांश वरच्या कंपनीने वेळेत पुढे वाटला तर २०२० पासून त्याची वजावट मिळते, म्हणून मधल्या थरात दुहेरी कर बसत नाही. आपल्या हातात येताना जो कर लागतो तो प्रत्येक भागधारकाचा, तो किमतीत नको. जमिनीच्या कराबद्दल मात्र तुमचं म्हणणं रास्त. पुढची पंधरा वर्षं विकायची नसेल तर ५५ लाखांचं आजचं मोल बरंच कमी. काही जण अर्धा धरतात. मी पूर्ण धरला, कारण मोकळी जमीन बाजारभावाने किमतीत घेतली तर ती विकण्याजोगी आहे असं आपणच म्हटलेलं असतं. इथे दोन मतं राहणार.

जिनवाले_काका

माझं एक म्हणणं आहे. घरातला माणूस निघतो तेव्हा मागे राहणाऱ्यांवर बँकेची वैयक्तिक हमी राहते. सीसीला चारही भावांच्या सह्या असतील. धाकट्याची सही निघाली की उरलेल्या तिघांवर बोजा वाढला. याचे काही कापायला नको का?

वर्धाकाठ

काका, हा मुद्दा खरा आहे आणि मी यावर कोणाला एक आकडा देऊ शकत नाही. बँक हमी सहज सोडत नाही. बाबांनी शेअर्स दिले आणि हमी तशीच राहिली, तर त्यांनाच उलट मोबदला द्यायला हवा. हमी सुटली तर तिघांचा धोका वाढला. करारात बँकेचं पत्र ही अट घाला आणि पैशाचा शेवटचा हप्ता त्याला बांधा. ट्रॅक्टर एजन्सीच्या २ कोटींना कंपनीची हमी आहे का तेही बघा. असेल तर ४० टक्क्यांचा भागीदार अडचणीत आला तरी पूर्ण २ कोटी आपल्या कंपनीवर येतात, आपण मात्र कर्जाचा ६० टक्केच भार धरला आहे.

सरकी

हमी आहे. बँकेच्या पत्राचं लिहून ठेवलं.

अकोलेकर

एवढं सगळं करण्यापेक्षा धाकट्या भावाला गोदामाची कंपनीच देऊन टाका की. किंमत ४ कोटी, हिस्सा साडेतीन. फरकाचे ४५-५० लाख त्यांनी परत द्यायचे. दरमहा भाडं येत राहील, आजारी माणसाला तेच बरं.

हळदीकुंकू

@अकोलेकर, आधी वाटलं तुम्ही सातबाऱ्यातच अडकलात, पण हे सुचवलेलं फार चांगलं आहे.

वर्धाकाठ

खरंच चांगलं आहे. वस्तूच दिली की डिस्काउंटवरचा अर्धा वाद हलका होतो आणि मोठ्या बाबांना रोकड उभी करावी लागत नाही. गोदामाचे ४ कोटी कसे आले तेवढं पक्कं करा. दुरुस्ती, विमा, मालमत्ता कर जाऊन वर्षाला ४० लाख उरत असतील आणि १० टक्क्यांनी भांडवली किंमत काढली असेल तर ठीक. पण भाडेकरार किती वर्षं बाकी आहे? एकच भाडेकरू असेल आणि तो गेला तर हंगामापुरतं भाडं मिळेल, मग १० टक्के कमी पडतात, १२ धरले तर किंमत ३ कोटी ३३ लाखांवर येते. आणि कंपनीने शेअर्स एका भागधारकाला द्यायची वाट कराच्या दृष्टीने सरळ नसते, शेअर बाजारात न नोंदलेल्या शेअर्सच्या किमतीचे वेगळे नियम लागतात. सीएंच्या लेखी मताशिवाय सही करू नका.

सरकी

करार चार वर्षं बाकी. बाबांना ही कल्पना आवडली. रात्री मोठ्या बाबांशी फोनवर बोलले, ते म्हणाले ३० टक्के मुनीमजींनी कुठल्याशा पुस्तकातून घेतले होते, ११ ची यादी पाठव, बसून बोलू.

जिनवाले_काका

बसून बोलू म्हणाले म्हणजे अर्धं काम झालं. आता शेवटचं विचारतो, रागावू नको. तुमच्या जिनाची सरकी कोणाकडे जाते?

सरकी

निम्मी बाजारात, निम्मी चुलत भावाच्या तेलघाण्याला. तो घाणा त्याचा स्वतःचा आहे, कंपनीचा नाही.

जिनवाले_काका

म्हणूनच विचारलं. १५ हजार गाठी म्हणजे ७५ हजार क्विंटल कापूस. शंभर क्विंटल कापसाची ३४ क्विंटल रुई, घट सोडली तर बाकी सरकी. म्हणजे ४८ हजार क्विंटलच्या पुढे-मागे सरकी निघते. त्यातली वीसेक हजार घाण्यावर गेली आणि भाव बाजारापेक्षा शंभर रुपयांनी कमी लागला, तर वर्षाला २० लाख जिनाच्या नफ्यातून गेले. कोणी चोरी केली असं नाही म्हणत, घरात असंच चालते. पण किंमत काढताना दिसायला पाहिजे.

वर्धाकाठ

आणि चारपटीने ते ८० लाख, बाबांच्या हिश्शाला २० लाख. धंदे वेगळे करून मोजायची पद्धत इथे उघडी पडते. दोन धंद्यांमधला व्यवहार बाजारभावाने नसेल तर एकाचा नफा दुसऱ्याच्या खात्यात दिसतो. घाणा कंपनीचाच असता तर एकूण बेरजेत फारसं बिघडलं नसतं. घाणा बाहेरचा आहे म्हणून फरक पडतो. पण तराजू दोन्हीकडे धरा. घाणा ढीग उचलतो, रोख देतो, वाहतूक नाही, हमालीही वाचते. पन्नास रुपयांचा फरक त्याने रास्त ठरू शकतो.

सरकी

मुनीमजी सरकीचं रजिस्टर देतील का? ते म्हणतात भागधारकाला फक्त ताळेबंद मिळतो.

वर्धाकाठ

भागधारक म्हणून ते बरोबर आहेत, संचालक म्हणून नाहीत. कंपनी कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे कोणत्याही संचालकाला कामाच्या वेळेत हिशेबाची पुस्तकं तपासता येतात. बाबांनी राजीनामा देण्याआधी हे करून घ्या. तीन हंगामांच्या सरकीच्या पावत्या आणि त्या-त्या दिवसाचे बाजार समितीच्या यार्डातले किंवा जवळच्या दोन जिनांचे विक्रीभाव समोरासमोर लावा. मालाची प्रतही जुळती घ्या, ओली आणि कोरडी सरकी एका भावात मोजू नका.

सरकी

सोमवारी बाबा आणि दादा जिनावर जातायत. मोठ्या बाबांना आधीच सांगून ठेवलं आहे, रजिस्टर काढून ठेवतो म्हणाले. जवळच्या जिनांचे भाव कोणाकडे असतील तर मला निरोप करा, हिंगणघाट-समुद्रपूर बाजूचे हवेत.

जिनवाले_काका

माझ्याकडे मागच्या तीन हंगामांची विक्रीवही आहे. नंबर पाठव, फोटो काढून टाकतो.